ब्युरेटचं पहिलं रीडिंग नेहमी जास्त, आणि दोघांची रीडिंग जुळत नाहीत

कृष्णाकाठ

सांगलीत एका छोट्या खासगी पाणी-माती तपासणी प्रयोगशाळेत कामाला आहे. बोअरच्या पाण्याचा एकूण हार्डनेस आम्ही ईडीटीएने काढतो. २५ मिलीच्या पिपेटने दोनदा मिळून ५० मिली नमुना घेतो, बफर आणि इरिओक्रोम ब्लॅक टी घालून ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेट करतो. रीडिंगला २० ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति लिटर.

परवा वाळवा तालुक्यातल्या एका वस्तीवरचा नमुना आला. माझी रीडिंग ३०.४, ३०.०, ३०.०. सहकारी ताईंची त्याच बाटलीतून, त्याच ब्युरेटवर २९.८, २९.८, २९.८. म्हणजे ताईंच्या हिशेबाने ५९६, माझ्या हिशेबाने ६००, आणि पहिलं रीडिंग धरलं तर ६०८. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा ६०० आहे, त्यामुळे ०.२ मिलीत निकाल इकडचा तिकडे होतो. दुसरा स्रोत नसेल तेव्हाच ६०० पर्यंत चालतं, एरवी २०० हवं, हे माहीत आहे. पण रिपोर्टवर आकडा लिहायचाच असतो.

माझं पहिलं रीडिंग बहुतेक वेळा जास्तच येतं, म्हणून ते सोडून द्यायची सवय लागली आहे. हे बरोबर आहे का? आणि आमच्या दोघांत कोण चुकतंय, हे कसं ओळखायचं?

बेदाणा

आमच्या तासगाव भागातही पाणी असंच जड आहे. ६०० वर गेलं तर ठिबकच्या ड्रिपर चोंदतात, पांढरा थर बसतो. आम्ही वर्षातून एकदा ॲसिड सोडतो. तुमच्या त्या शेतकऱ्याला सांगा, पाणी वापरायला हरकत नाही, फक्त लाइन धुवायला लागेल. आमच्या पाण्याचा रिपोर्टही मागे ६०० च्या आसपासच आला होता.

कृष्णाकाठ

दादा, पाणी चांगलं की वाईट हा प्रश्न नाही. मोजण्यात फरक का पडतोय, ते विचारतोय. वस्तीवरचे लोक हेच पाणी पितात.

ऋतुजा_टीवाय

आम्हाला कॉलेजात सांगतात की तीन रीडिंग घ्या, दोन जुळली की तीच सी.बी.आर. पहिलं पायलट समजून सोडायचं. शिवाय ब्युरेटवर ०.१ च्याच रेघा असतात, त्याखालचं वाचायचंच नाही. मग ३०.० आणि २९.८ मध्ये दोनच रेघांचा फरक राहतो. एवढा चालतो ना?

हरिपूरकर

ऋतुजा, पायलट रीडिंग सोडतात कारण ते घाईत, एंड पॉइंट कुठे आहे ते पाहायला घेतलेलं असतं. कृष्णाकाठ यांचं पहिलं रीडिंग तसं दिसत नाही. पायलट कधी जास्त येईल, कधी एक थेंब कमी. यांचं मात्र प्रत्येक वेळी जास्तच येतंय, म्हणजे त्याला कारण आहे आणि ते सापडलं पाहिजे. सोडून दिलं तर कारण तसंच राहील आणि एखाद्या दिवशी तिसऱ्या रीडिंगमध्येही शिरेल.

आणि ०.१ च्या रेघांच्या मध्ये डोळ्याने अंदाज करायचा असतो. दोन रेघांमधलं अंतर मिलिमीटरभर असतं, त्याचे निदान दोन, सराव झाला की पाच भाग सहज दिसतात. ३०.० लिहिलं की ते २९.९५ होतं की ३०.०५, ही माहिती तुम्हीच पुसून टाकता.

कृष्णाकाठ, मत देण्याआधी चार गोष्टी विचारतो. पहिलं रीडिंग जास्त येतं ते दिवसातलं पहिलं, की ब्युरेट भरली की दर वेळी? ब्युरेट काचेच्या तोटीची, टेफ्लॉनच्या तोटीची, की रबरी नळीची? तुम्ही ईडीटीए किती वेगाने सोडता आणि थांबल्यावर किती वेळाने वाचता? आणि पिपेटचा शेवटचा थेंब काय करता?

कृष्णाकाठ

सर, नीट आठवून लिहितो.

दिवसातलं पहिलं जास्त येतं. रात्री ब्युरेट धुऊन, उलटी लावून ठेवतो. सकाळी ईडीटीएने विसळून भरतो. दिवसभर भरत राहिलो तर नंतरची जुळतात. तोटी टेफ्लॉनची. नमुना जड आहे हे माहीत असलं की २८ पर्यंत तोटी पूर्ण उघडून सोडतो, मग थेंब थेंब. रंग निळा झाला की लगेच वाचतो. पिपेटला रबरी बल्ब आहे, शेवटी बल्ब दाबून राहिलेला थेंब काढतो, नमुना पूर्ण जावा म्हणून.

ताई सावकाश करतात. त्या स्टुलावर बसून काम करतात, मी उभा असतो. पिपेटचा थेंब त्या फुंकत नाहीत.

हरिपूरकर

मग बरंचसं कळलं. तीन-चार वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत आणि त्यांच्या दिशा वेगळ्या आहेत. एकेक घेऊ.

पहिलं ३०.४ हा बुडबुडा आहे. रात्री ब्युरेट रिकामी झाली तेव्हा तोटीच्या खालची नळी, म्हणजे नोझलही रिकामं झालं. सकाळी वरून द्राव भरला आणि तोटी थोडीच उघडून शून्यावर आणलं, तर द्राव नोझलच्या एका कडेने खाली उतरतो आणि हवा आत अडकून राहते. वरून सगळं बरोबर दिसतं, शून्य शून्यावर असतं. मग टायट्रेशनमध्ये तुम्ही तोटी पूर्ण उघडता, जोर येतो आणि ती हवा निघून जाते. तिची जागा ईडीटीए घेतो. ब्युरेटमधली पातळी तेवढी खाली गेली, पण तेवढा ईडीटीए फ्लास्कमध्ये पडलाच नाही, तो नोझलमध्ये बसला. म्हणून रीडिंग जास्त.

आकडाही जुळतो. तोटीच्या लगेच खाली नळीचा आतला व्यास साधारण ४ मिलिमीटर असतो. तिथे ३ सेंटिमीटर लांबीची हवा म्हणजे जवळजवळ ०.४ मिली. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे. हवा खालच्या बारीक टोकात असती तर ५ मिलिमीटर लांबीची असूनही फरक ०.०२ च्या आतच राहिला असता. म्हणून बुडबुडा नुसता "आहे का" एवढं पाहून भागत नाही, तो कुठे आहे तेही पाहावं.

पुढच्या वेळी सकाळी भरल्यावर नोझल उजेडासमोर धरून बघा. टायट्रेशन झाल्यावर पुन्हा बघा. आधी हवा होती आणि नंतर नाही, तर ते रीडिंग रद्द.

साखरशाळा

सरांशी सहमत, पण एक भर घालतो. कराड बाजूच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. ब्युरेटमध्ये बुडबुडा दिसला की रीडिंग चुकलंच, कुठेही असो, आम्ही तर सरळ ओतून पुन्हा भरतो.

आमच्याकडे अजून रबरी नळी आणि आत काचेचा मणी असलेल्या ब्युरेट आहेत. त्यात मण्याखाली हवा हमखास अडकते. ती काढायला नळी वाकवून नोझलचं तोंड वर आकाशाकडे करायचं आणि मण्याजवळ चिमटायचं. हवा वर जाणारच, दोन-तीन चिमट्यांत साफ. तोंड खाली ठेवून कितीही चिमटा, ती तिथेच बसते.

दुसरं, फेहलिंगने रिड्यूसिंग शुगर काढताना खाली फ्लास्क उकळत असतो. वाफेने नोझल तापतं आणि आत बारीक बुडबुडे आपोआप तयार होतात. म्हणून नोझल बाजूला वळवलेली ब्युरेट वापरतो.

आणि थांबून वाचायचं म्हणाल तर आमच्या कामात ते शक्यच नाही. दोन मिनिटं उकळायचं, मिथिलीन ब्लू टाकायचं, तीन मिनिटांच्या आत संपवायचं. अर्धा मिनिट कुठून आणायचा?

हरिपूरकर

रबरी नळीची युक्ती अगदी बरोबर. पण दोन ठिकाणी थोडं वेगळं सांगतो.

बुडबुडा असला की रीडिंग चुकलंच, असं नाही. तो सुरुवातीला जेवढा होता तेवढाच शेवटी जागच्या जागी असेल, तर फरक शून्य. चूक होते ती बुडबुडा निघून गेला, नवा शिरला किंवा लहान-मोठा झाला तर. तुमच्याकडे नोझल तापतं, तिथे तो वाढतोच, म्हणून तुमची ओतून टाकायची पद्धत तुमच्या कामाला योग्य आहे. पण कृष्णाकाठ यांना मध्येच एक बारीक न हलणारा बुडबुडा दिसला, तर त्यांनी जड नमुन्याचं टायट्रेशन टाकून द्यायची गरज नाही. शेवटी तो तिथेच आहे का, एवढं पाहावं.

दुसरं, थांबायचं ते एंड पॉइंट आल्यानंतर, आधी नव्हे. शेवटचा थेंब पडला की फ्लास्कमधली घडामोड संपली. मग उकळी थांबो की रंग पुन्हा बदलो, ब्युरेटमधली पातळी त्याची वाट बघत नाही. अर्धा मिनिट थांबून वाचलं तर तुमच्या तीन मिनिटांना धक्का लागत नाही.

साखरशाळा

हं, हे बरोबर आहे. आम्ही फ्लास्क उचलायच्या घाईत रीडिंगही उरकतो. पण एका पाळीत तीस-चाळीस नमुने असले की प्रत्येकी अर्धा मिनिट म्हणजे वीस मिनिटं गेली. ती कोण देणार, हा प्रश्न आहेच.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. या थांबण्याबद्दल ज्यांना शंका आहे त्यांनी एकदा स्वतः करून पाहावं, पाच मिनिटांचं काम आहे. ब्युरेटमध्ये साधं पाणी शून्यापर्यंत भरा, तोटी पूर्ण उघडून ३० पर्यंत सोडा, बंद करा आणि डोळा न हलवता पाहत राहा. मी आज सकाळी केलं. बंद करताक्षणी ३०.०८, अर्ध्या मिनिटाने ३०.०३, त्यानंतर हललं नाही. पातळी वर चढताना दिसते. वरच्या काचेला चिकटलेला पातळ थर सावकाश खाली उतरतो, म्हणून. तेवढं पाणी ब्युरेटमध्येच होतं, खाली पडलंच नव्हतं, आणि आपण मात्र ते पडलं असं मोजलं.

हळू सोडलं तर थर मागे फारसा राहत नाही, फरकही कमी पडतो. ब्युरेटवर "एएस" असा वर्ग छापलेला असेल तर तिची आखणीच ३० सेकंद थांबून वाचायचं गृहीत धरून झालेली असते.

भरतानाही हे होतं, आणि उलट दिशेने. फनेलने वरपर्यंत भरून लगेच शून्य लावलं तर वरच्या भागातला थर नंतर खाली येतो आणि पातळी शून्याच्या वर सरकते. मग रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. मुलं फनेल ब्युरेटच्या तोंडात तसाच ठेवतात, त्याचा थेंब मध्येच पडला तरी तेच होतं. मी आधी फनेल काढायला लावते.

एक गोष्ट मात्र थांबण्याने सुटत नाही. काच तेलकट असेल तर थर उतरतच नाही, त्याचे सुटे थेंब होऊन भिंतीला चिकटून राहतात. ब्युरेट रिकामी करून उजेडात बघा. थेंब दिसले तर घड्याळ बाजूला ठेवा आणि ती साबणाच्या कोमट पाण्याने ब्रश घालून धुवा.

कृष्णाकाठ

आत्ता आमची ब्युरेट पाहिली. १५ च्या वर चार-पाच थेंब चिकटलेले आहेत. जुन्या काचेच्या तोटीच्या ब्युरेटला ग्रीस लावायचो आणि तोच ब्रश इथे वापरायचो.

हरिपूरकर

तो ब्रश वेगळा काढा.

आता ताईंच्या २९.८ कडे येतो. त्यांची तिन्ही रीडिंग एकमेकांशी इतकी जुळतात की त्याच बरोबर असं वाटेल. पण एकच चूक तिन्ही वेळा सारखीच केली तरी रीडिंग जुळतातच.

त्या स्टुलावर बसतात. स्टँडवरच्या ब्युरेटचं शून्य त्यांच्या डोळ्याच्या वर असणार आणि ३० खाली. शून्य लावताना त्या मान उंचावून खालून वर पाहतात. ३० वाचताना वरून खाली. पातळीचा तळ नळीच्या मध्यावर असतो आणि रेघा पुढच्या काचेवर, म्हणून डोळा समोर नसेल तर तळ चुकीच्या रेघेवर दिसतो.

खालून पाहिलं तर तळ खालच्या रेघेवर दिसतो. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणजे खऱ्यापेक्षा मोठा आकडा दिसतो. ताईंनी शून्य लावलं तेव्हा तळ खरंतर शून्याच्या थोडा वर होता. ३० ला वरून पाहिलं तर तळ वरच्या रेघेवर दिसतो, म्हणजे खऱ्यापेक्षा लहान आकडा. सुरुवात पुढे ढकलली गेली आणि शेवट मागे ओढला गेला. दोन्हीकडून मधला आकडा कमीच झाला.

किती? ५० मिलीच्या ब्युरेटचा आतला व्यास ११ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे मिलिमीटरभर उंची म्हणजे जवळजवळ ०.१ मिली. डोळा ३० सेंटिमीटर अंतरावर आणि ५ सेंटिमीटर वर असेल तर तळ सुमारे पाऊण मिलिमीटर सरकलेला दिसतो, ०.०७ मिली. दोन्ही टोकांना उलट दिशेने तेवढाच, तर ०.१४. डोळा आणखी खाली-वर असेल तर आणखी जास्त.

डोळा दोन्ही वेळा सारखाच वर ठेवला असता तर चूक वजाबाकीत गेली असती. म्हणून उभ्याने काम करणाऱ्यात हा दोष कमी सापडतो असं नाही, पण ज्याचा डोळा दोन्ही रीडिंगला विरुद्ध बाजूंना असतो त्याच्यात तो पूर्ण सापडतो.

ऋतुजा_टीवाय

डोळा समोर आहे हे कळणार कसं? आम्हाला नुसतं "आय लेव्हल" म्हणतात. मला प्रत्येक वेळी आय लेव्हलच वाटतं.

अजिंक्यताऱ्याखाली

चांगल्या ब्युरेटवर पूर्ण मिलीच्या रेघा नळीभोवती गोल फिरलेल्या असतात. पातळीजवळची अशी गोल रेघ बघ. डोळा वर-खाली असला तर ती लंबगोल दिसते, पुढची आणि मागची कड वेगळी दिसते. डोळा बरोबर समोर आला की दोन्ही कडा एक होऊन सरळ रेघ होते. मग त्याच जागेवरून पातळी वाचायची.

आमच्या बहुतेक ब्युरेटवर रेघा फक्त पुढच्या बाजूला आहेत. तिथे कागदाची सरळ कडेची पट्टी नळीभोवती गुंडाळते, दोन टोकं नीट एकावर एक येतील अशी. तिची वरची कड पातळीच्या थोडी खाली ठेवायची. पुढची कड मागच्या कडेला झाकते तिथे डोळा बरोबर. मुलांना हे दोनदा केलं की जमतं. "आय लेव्हल" सांगून आजवर कोणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

याच पट्टीचा दुसरा उपयोग आहे. पांढऱ्या कार्डावर काळा कागद चिकटव आणि काळ्याची वरची कड पातळीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली येईल असं मागे धर. तळ काळा आणि ठसठशीत दिसतो. कार्ड नसेल तर खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट यांत तळ वेगळा वाटतो. सकाळी खिडकीपाशी आणि संध्याकाळी ट्यूबखाली वाचलेली रीडिंग जुळली नाहीत तर आधी हे बघावं. आणि तळ टेकवायचा तो रेघेच्या वरच्या कडेला. रेघेलाही जाडी असते.

ऋतुजा_टीवाय

पट्टी उद्याच करते. मॅडम, पोटॅशियम परमँगनेटला तळ दिसतच नाही, तिथे आम्ही वरची कड वाचतो. ते चुकीचं आहे का?

अजिंक्यताऱ्याखाली

ब्युरेटमध्ये चालतं, दोन्ही रीडिंग वरच्या कडेची असली तर. वजाबाकीत फरक जातो. सुरुवात तळाची आणि शेवट कडेचा असं झालं तर मात्र गेलं.

हरिपूरकर

पण पिपेटमध्ये तसं करू नये. पिपेटला खूण एकच, वजाबाकी नाही. परमँगनेट पिपेटने घ्यायची वेळ आली तर कड वापरून थोडं कमी जाईल, हे धरून चालावं. त्याऐवजी मागे उजेड धरून तळ दिसतो का ते मी आधी पाहतो.

पिपेटमध्ये डोळ्याची चूक लहान पडते, कारण खुणेपाशी नळी अरुंद असते. ५ मिलिमीटर व्यास धरला तर मिलिमीटरभर चुकलं तरी ०.०२ मिली. वरून पाहिलं तर खुणेवर दिसणारा तळ खरंतर खुणेच्या खाली असतो, म्हणजे नमुना कमी जातो. २५ मिलीमागे हे फार नाही.

पिपेटमधली मोठी चूक शेवटच्या थेंबाची. कृष्णाकाठ, तो थेंब तुमच्या नमुन्याचा भाग नाही. २५ मिलीची पिपेट आखतानाच तो आत राहणार असं धरलेलं असतं. पिपेट उभी धरा, फ्लास्क तिरका, टोक काचेला टेकवा, पिपेट आपसूक रिकामी होऊ द्या, प्रवाह थांबल्यावर दोन-तीन सेकंद टेकलेलीच ठेवा आणि काढा. जिच्यावर थांबायचे सेकंद छापलेले असतील तिथे तेवढे थांबा. बल्बला हात नको.

तुम्ही तो दाबून काढता, दर वेळी साधारण ०.०४ मिली. दोनदा म्हणजे ०.०८. पन्नासात ०.१६ टक्के नमुना जास्त, म्हणून तीसच्या रीडिंगवर ०.०५ जास्त. त्यात घाईने सोडून लगेच वाचल्याचे ०.०५ मिळवा. तुमचे ३०.० म्हणजे २९.९ च्या जवळ. ताईंचे २९.८ सुद्धा डोळ्याची चूक काढली की तिकडेच सरकतात. तुमच्यात कोण बरोबर, याचं उत्तर माझ्या मते दोघंही नाही, असं आहे. पण हा कागदावरचा हिशेब. करून बघा.

साखरशाळा

सर, आम्ही तर वर्षानुवर्षं फुंकतो. वरच्या टोकाला पट्टी असलेल्या पिपेट आहेत, त्या फुंकायच्याच असतात असं आम्हाला शिकवलं.

हरिपूरकर

पट्टीवाल्या, टोकापर्यंत रेघा असलेल्या पिपेट फुंकायच्याच असतात, तुमचं बरोबर. मधे फुगा असलेली, एकच खूण असलेली पिपेट वेगळी. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवल्या की गोंधळ होतो.

कृष्णाकाठ

ब्युरेट साबणाने धुतली, थेंब चिकटत नाहीत. सकाळी भरून तोटी एकदम पूर्ण उघडली आणि नोझलला बोटाने टिचकी मारली. हवा निघताना दिसली. मग शून्य लावलं. पहिलंच रीडिंग बाकीच्यांशी जुळलं.

त्याच बाटलीतल्या उरलेल्या नमुन्यावर कागदाची पट्टी लावून, अर्धा मिनिट थांबून, बल्ब न दाबता केलं. माझी २९.९२, २९.९०, २९.९२. ताई उभ्या राहून, पट्टी लावून: २९.८४, २९.८६, २९.८४. ५९८ आणि ५९७. जवळ आलो, पण ताई अजूनही थोड्या मागे आहेत. आम्ही दोघांनी एकमेकांचं रीडिंगही वाचून पाहिलं, तिथे ०.०२ च्या वर फरक नाही. म्हणजे डोळा आता कारण नाही.

हरिपूरकर

मग रंग बघा. लालसर जांभळ्यातून निळा होताना ताई जांभळट छटा राहिली असतानाच थांबत असतील, तुम्ही पूर्ण निळा होईपर्यंत. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. तुमचा फरक एक-दीड थेंबाचा आहे. थंड नमुन्यात हा रंग सावकाश बदलतो, तिथे फरक आणखी वाढेल. दोघांनी एकच फ्लास्क समोर ठेवून ठरवा.

ऋतुजा_टीवाय

दर वेळी शून्यापासूनच सुरू करायचं का? आमच्या सरांचं म्हणणं तसं, मॅडम म्हणतात कुठूनही चालेल.

साखरशाळा

शून्यापासून. हिशेबात वजाबाकीची चूक होत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

मी मुलांना एक-दोनच्या मध्ये कुठेही सुरू करायला लावते आणि दोन्ही रीडिंग लिहायला लावते. नेमक्या शून्यावर आणायच्या नादात घाई होते, थर उतरायच्या आत शून्य लागतं आणि तोटीखालचा थेंबही तसाच लटकत राहतो.

हरिपूरकर

दोन्हींत तथ्य आहे. शून्यापासून केलं तर दर वेळी ब्युरेटचा तोच भाग वापरला जातो, नळीच्या जाडीतल्या असमानतेचा फरक रीडिंगमध्ये सारखाच येतो. मी स्वतः शून्यच धरतो, पण मॅडमचं कारणही खोटं नाही.

बेदाणा

मघाशी मी प्रश्न समजून न घेता लिहिलं होतं, पण आता सगळं वाचलं. मग आमचा ६०० च्या आसपासचा जो रिपोर्ट होता तो धरायचा की नाही? आणि आम्ही बेदाण्याच्या डिपिंगला लिटरमागे १५ मिली तेल मापाच्या नळकांड्याने घेतो, तिथेही हे सगळं बघायचं का?

अजिंक्यताऱ्याखाली

तेलाला एवढं लागत नाही दादा. मिलीभर इकडेतिकडे झालं तरी तिथे बिघडत नाही. डोळा समोर ठेवा, बस. रिपोर्ट कोणी कसा काढला हे इथून सांगता येणार नाही, पण ठिबकसाठी ५९० आणि ६१० मध्ये तुमचा निर्णय बदलणार आहे का?

बेदाणा

नाही. ॲसिड सोडायचंच आहे.

कृष्णाकाठ

सर, आमची ब्युरेट बी वर्गाची आहे, तिच्यावर ०.१ मिलीची मुभा छापली आहे. म्हणजे आम्ही कितीही नीट वाचलं तरी ती स्वतःच २ मिलिग्रॅमने चुकू शकते. मग ५९८ लिहून ६०० च्या आत आहे असं म्हणायचं का?

हरिपूरकर

आकडा ५९८ लिहा, पण "६०० च्या आत" हे ब्युरेट तपासल्याशिवाय ठामपणे लिहू नका. ०.१ ही तिची कमाल मुभा, प्रत्यक्ष चूक किती ते वजन करून कळतं. ताजं डिस्टिल्ड पाणी खोलीत तास-दोन तास ठेवून तापमान सारखं होऊ द्या. झाकणाची कोरडी बाटली वजन करा, ब्युरेटमधून ० ते १० सोडा, अर्धा मिनिट थांबून वाचा, टोक बाटलीच्या आतल्या भिंतीला लावा, झाकण लावून पुन्हा वजन करा. मग ० ते २० आणि ० ते ३०, दर वेळी पुन्हा भरून. तुम्हाला ३० जवळचा आकडा लागतो, तो दोनदा करा.

कृष्णाकाठ

तराजू चार दशांशांचा आहे, पण त्यावर मोठी बाटली ठेवता येत नाही. १०० मिलीचा झाकणाचा फ्लास्क चालेल का? आणि पाण्याचं वजन किती धरायचं? आज खोलीत २७ अंश आहे.

हरिपूरकर

चालेल, बाहेरून कोरडा असू द्या आणि उघड्या हाताने धरू नका, कागदाच्या पट्टीने धरा. २७ अंशाला हवेत १० मिली पाणी ९.९५५ ग्रॅम भरतं. ३० साठी २९.८६ ग्रॅम आलं तर ब्युरेट खरी. १०० मिलिग्रॅम कमी-जास्त आलं तर तिची चूक ०.१ मिली.

कृष्णाकाठ

वस्तीवरून नवी बाटली मागवली आहे, ती येईपर्यंत हे करून इथे आकडे टाकतो. ताईंना रंगाचं दाखवलं. त्यांचं म्हणणं, मीच एक थेंब जास्त घालतो.